पाच तारखेचे अप्पा

अप्पांचा निरोप हवामानानं सुरू झाला की समजावं, महिना संपत आला. 'पुण्यात गारठा वाढला आहे, सकाळी बाहेर पडताना कानाला काहीतरी बांधावे' असा निरोप एकोणतीस तारखेला ज्याच्या फोनवर येतो, तो अप्पांचा भाडेकरू असतो. तीस तारखेला तब्येतीची चौकशी येते. एक तारखेला फुलांनी भरलेल्या परडीचं चित्र. आणि पाच तारीख उलटली की हेच अप्पा त्याच पोराला 'महोदय' म्हणायला लागतात.

अप्पा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. कोथरूडमधल्या जुन्या, लिफ्ट नंतर बसवलेल्या इमारतींपैकी आमची एक. उभा जन्म त्यांनी एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढला आणि नोकरीची शेवटची वर्षं वसुली खात्यात. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी दोन घरं घेतली. एक आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर, तिथं आयटीतली दोन मुलं राहतात. दुसरं कर्वेनगरात, तिथं एक शिक्षिका बाई. बँक सुटली पण वसुली सुटली नाही, असं काकू म्हणतात. अप्पांना ते मान्य नाही. 'वसुली हा बँकेचा शब्द झाला. मी फक्त आठवण करून देतो,' असं ते म्हणतात आणि टेबलाच्या खणातून वही काढतात.

ही वही बघण्यासारखी आहे. पट्टीनं आखलेले रकाने: महिना, निरोप क्रमांक, वेळ, एक टिक, दोन टिका, निळ्या टिका, उत्तर, जमा, शेरा. रोज रात्री जेवण झाल्यावर अप्पा चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाजवळ नेतात आणि टिकांचा रंग वहीत उतरवतात. शेऱ्याच्या रकान्यात बँकेची भाषा असते. हप्ता थकला की नव्वद दिवसांनी कर्ज एनपीएत जातं, पण त्याआधीही बँका खात्यावर खुणा करत असतात: तीस दिवसांपर्यंत एसएमए-शून्य, साठपर्यंत एसएमए-एक, नव्वदपर्यंत एसएमए-दोन. खालच्या मजल्यावरची पोरं बिचारी दर महिन्याला सहा तारखेच्या सकाळी एसएमए-शून्य होतात आणि आठ तारखेला परत माणसांत येतात. त्यांना याचा पत्ताही नसतो. ती जिन्यात भेटली की 'काय अप्पा, बरंय ना?' म्हणतात आणि अप्पा 'हो हो, बरंय' म्हणतात. पण त्यांच्या नजरेत शेरा दिसतो.

अप्पांचा स्वभाव मुळात भिडस्त. समोरासमोर पैसे मागणं त्यांना जमत नाही. कर्जदाराच्या दारात जाऊन चहा पिऊन परत येणारा अधिकारी म्हणून बँकेत त्यांची ख्याती होती, हे त्यांनीच मला सांगितलंय. पत्रं मात्र जबर लिहीत. म्हणून निरोपांची मालिका हा त्यांच्या भिडेवरचा उतारा आहे. आणि त्या मालिकेचे मसुदे ऐकणं हे माझं शेजारधर्मातलं काम. दार उघडं दिसलं की फोन हातात धरून ते येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि म्हणतात, 'जरा ऐका हं. कुठं लागतंय का बघा.'

पहिल्यांदा त्यांनी मला तारखेआधीचा निरोप ऐकवला तो असा होता:

'चि. बाळांनो, अनेक उत्तम आशीर्वाद. आपण दोघे कुशल असालच. हल्ली विषाणूजन्य ताप फार आहे, पाणी उकळून प्यावे. दिवस कसे भराभर जातात पाहा, हाही महिना संपला. असो. आपला, अप्पा.'

मी विचारलं, 'यात भाडं कुठंय?'

'असो मध्ये,' अप्पा म्हणाले.

'पोरांना कळतं का?'

'कळायला पाहिजे. बँकेत आम्ही पहिल्या पत्रात कधी रकमेवर बोट ठेवत नव्हतो.' हे काही खरं नसावं, कारण लगेच त्यांनी नजर वळवली. पोरांचं उत्तर मात्र त्यांनी प्रामाणिकपणे दाखवलं: 'हो अप्पा, तुम्ही पण काळजी घ्या.' खाली जोडलेले हात. पाणी उकळून प्यायलं गेलं असेल, भाडं आलं नव्हतं.

सौम्य निरोपाची हीच गंमत आहे. गोड बोलायचं म्हणून माणूस इतका आडवळणानं जातो की मुद्दा घरीच राहतो. मग पाच तारखेला पैसे आले नाहीत की त्याला वाटतं, एवढं सांगूनही दिले नाहीत; आणि समोरच्याला वाटत असतं, एवढा प्रेमळ घरमालक पुण्यात दुसरा नाही. काकूंनी एकदा स्वयंपाकघरातूनच निकाल दिला: 'किती, कधी आणि कुठं, एवढं लिहा. ताप-सर्दीचं मी बघते.' तेव्हापासून दोन तारखेचा निरोप असा जातो:

'बाळांनो, या महिन्याचे भाडे १८,५०० रुपये ५ तारखेला आहे. नेहमीच्याच यूपीआयवर पाठवावे, टीपेत महिन्याचे नाव लिहावे. आधीच पाठवले असल्यास या निरोपाकडे दुर्लक्ष करावे.'

शेवटचं वाक्य माझं आहे, असं मी गावभर सांगत असतो. त्याची गरज शिक्षिका बाईंमुळे पडली. या बाई म्हणजे अप्पांच्या आयुष्यातला एक अवघड प्रश्न. त्या एक तारखेला, कधी कधी तर आदल्या महिन्याच्या तीस तारखेलाच भाडं पाठवून मोकळ्या होतात. अप्पांची मालिका तयार, निरोप क्रमांक एक ते पाच ओळीनं लिहून ठेवलेले, आणि पैसे आधीच खात्यात. सुरुवातीला त्यांनी तरीही निरोप पाठवला, क्रम मोडायला नको म्हणून. बाईंनी उलट फोन केला, आवाज चढलेला: 'मी परवाच पाठवलेत. तुम्ही खातं बघता की नाही?' पैसे दिलेल्याला आठवण करणं हा थकवणाऱ्याला न करण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे, हे अप्पांना त्या दिवशी कळलं. आता निरोप पाठवण्याआधी ते पासबुक बघतात. ॲपवर भरवसा नाही म्हणून आधी ॲप, मग एसएमएस, मग महिन्यातून एकदा बँकेत जाऊन मशीनवर छापलेलं पासबुक. बाईंचं भाडं आल्यावर त्यांना करण्यासारखं काहीच उरत नाही, तेव्हा ते पोच पाठवतात. साधी पोच नव्हे: 'आपले भाडे मुदतीपूर्वी प्राप्त झाले. या महिन्यात आपणास स्मरण देण्याचा प्रसंग आला नाही.' वाचताना थोडी तक्रार वाटते ती तशीच आहे.

तंत्रज्ञानाचं अप्पांना वावडं नाही, उलट जरा जास्तच प्रेम आहे. मध्यंतरी त्यांनी ब्रॉडकास्ट लिस्ट नावाचं हत्यार शोधून काढलं: एकदा लिहायचं, दोन्ही घरांना जातं. पोरांना गेलं, बाईंना गेलं नाही. दोन दिवस अप्पा एका टिकेकडे बघत बसले. कारण साधं होतं. ब्रॉडकास्टचा निरोप ज्यानं आपला नंबर जतन केलाय त्यालाच पोचतो, आणि बाईंनी गेल्या वर्षभरात अप्पांचा नंबर जतनच केला नव्हता. 'म्हणजे मी त्यांच्या फोनमध्ये नुसता आकडा आहे?' अप्पांना हे फार लागलं होतं.

त्याआधी ते यूपीआयची 'पैसे मागवा' विनंती पाठवत. निरोप नको, उत्तर नको, समोरच्यानं पिन टाकायचा की झालं. पोरांनी ती एकदाही मंजूर केली नाही. त्यांच्या कंपनीत सायबर फसवणुकीवर व्याख्यान झालं होतं आणि त्यात पहिलीच सूचना होती: अशी विनंती आली तर पिन टाकू नका. पुढे १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसानं माणसाला अशी विनंती पाठवण्याची सोयच बंद झाली, कारण चोरांनी तिचा फार वापर केला होता. अप्पांनी बातमी कापून वहीत चिकटवली आणि खाली लिहिलं, 'चोरांमुळे सज्जनांची गैरसोय.'

वेळेच्या बाबतीतही त्यांना धडा मिळालाय. पहिले कित्येक महिने निरोप सकाळी सहाला जायचा, अप्पा फिरून आले की. त्या वेळी फोनवर अर्ध्या महाराष्ट्राचे सुप्रभात उतरत असतात. सूर्योदय, कमळ, सुविचार, त्यांच्याखाली अप्पांचं भाडं. पोरं नऊला उठून सगळं एकत्र पुसून टाकायची. आता निरोप संध्याकाळी साडेसातला जातो. पोरं तेव्हा कंपनीच्या बसमध्ये हिंजवडीहून परतत असतात, चांदणी चौकात अडकलेली असतात आणि फोनशिवाय त्यांना दुसरं काही नसतं. अप्पांनी ही वेळ निवडली त्यामागे अभ्यास आहे.

पाच तारीख उलटल्यावरच्या निरोपांत मात्र अप्पांमधला वसुली अधिकारी जागा होतो. त्यांच्या रागाची पट्टी उलटी चालते. माणसं चिडली की एकेरीवर येतात. अप्पा चिडले की आदर वाढतो. दोन तारखेला 'बाळांनो', पाचला 'मित्रहो', सहाला नुसतं 'नमस्कार', आठनंतर 'श्री.' आणि त्यापुढे 'महोदय'. चित्रंही तशीच गळत जातात. आधी फूल जातं, मग हसरा चेहरा, शेवटी जोडलेले हातसुद्धा. धाकटा पोरगा मला एकदा म्हणाला, 'काका, अप्पांनी अहोजाहो केलं की माझ्या पोटात गोळा येतो.'

या पोरांचं उत्तर देण्याचं एकच साधन आहे: अंगठा. कुठल्याही निरोपाला अंगठा. यावर अप्पांना संताप आणि समाधान दोन्ही वाटतं. 'बँकेत अंगठा म्हणजे देणं कबूल,' ते मला समजावतात. 'कागदावर अंगठा उठवला की संपलं. कबुलीची तारीख पडली की मुदत नव्यानं सुरू.' कर्जाच्या बाबतीत हे खरंच आहे; मुदतीच्या कायद्यात तीन वर्षं संपायच्या आत लेखी कबुली घेऊन ठेवायची म्हणून सगळ्या बँका धडपडतात. पण पोरांचा अंगठा म्हणजे 'वाचलं' एवढंच. त्याला तारीख नसते. अप्पा मात्र वहीत लिहितात: 'अंगठा घेतला.'

गेल्या नोव्हेंबरात या मालिकेची खरी परीक्षा झाली. दोन तारखेचा निरोप गेला, अंगठा आला. पाचचा गेला, अंगठा आला. सहा तारखेच्या निरोपावर निळ्या टिका आल्या, अंगठाही नाही. आठ तारखेला रात्री मोठ्या पोरानं ९,२५० रुपये टाकले. निम्मे. टीपेत फक्त 'रेंट' एवढंच.

अप्पा वही घेऊन आले. त्यांना दोन प्रश्न पडले होते. अर्धे आलेत म्हणजे आभार मानायचे की आठवण करायची? आणि पैसे स्वीकारले म्हणून आपण निम्म्यावर समाधानी आहोत असं तर पोरांना वाटणार नाही? मी म्हटलं, दोन्ही एकाच निरोपात सांगा. मग आम्ही बसून लिहिलं: '९,२५० रुपये ८ तारखेला मिळाले. नोव्हेंबरचे ९,२५० रुपये बाकी आहेत. ते कोणत्या तारखेला पाठवता, तेवढे कळवावे.' अप्पांना यात 'कृपया' हवं होतं, 'सत्वर' हवं होतं आणि शेवटी 'योग्य ती दखल घ्यावी' हवं होतं. तिन्हीसाठी ते भांडले. मी 'कृपया' दिलं.

'कोणत्या तारखेला' असा प्रश्न असलेला निरोप हा या मालिकेतला सगळ्यात कामाचा असतो, हे तेव्हा अप्पांना पटलं नव्हतं. 'लवकरात लवकर' म्हटलं की समोरच्याला अंगठा देता येतो. तारीख विचारली की अंगठा पुरत नाही. पोरांनी काय केलं? उत्तरच दिलं नाही. दहा तारखेला अप्पांचा 'श्री.' सुरू झाला.

तेराला ते जो मसुदा घेऊन आले तो मी आजही विसरलेलो नाही. 'महोदय' ने सुरुवात. मग तीन परिच्छेद. पाणी बंद करण्यात येईल. विजेचा मेन स्विच खाली घेण्यात येईल. कुलूप बदलण्यात येईल. करार तात्काळ रद्द समजण्यात येईल. डिपॉझिटमधून रक्कम वळती करण्यात येईल. हे सगळं अप्पा मला मंद आवाजात, माझ्या प्लेटमधला चिवडा खात खात वाचून दाखवत होते. याच माणसानं आदल्या आठवड्यात पोरांचा नळ गळतो म्हणून स्वतः वायसर आणून बसवला होता.

सुदैवानं त्यांचा वकील भाचा फोनवर सापडला. मसुदा ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं एकेक वाक्य घेतलं. पाणी-वीज तोडणं हे घरमालकाच्या हातात नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात अत्यावश्यक सेवा तोडण्याविरुद्ध स्वतंत्र कलम आहे आणि तसं करणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. कुलूप बदललं तर पोलिसात तक्रार अप्पांवर होईल. कराराबद्दल त्यानं विचारलं, 'मामा, तुझ्या करारात काय लिहिलंय? सलग दोन महिने थकले तर रद्द करता येईल. बरोबर? आत्ता किती थकलेत? अर्धा महिना. म्हणजे तू लिहितोयस ते तुला करता येणार नाही, आणि मुलं हुशार असतील तर त्यांना ते माहीत असेल. मग पुढचं काहीच ती खरं मानणार नाहीत.' डिपॉझिटचंही त्यानं सांगितलं: 'ते शेवटी वीजबिल आणि रंगासाठी लागतं. आत्ता त्याला हात लावलास की मुलंच म्हणतील, पुढच्या महिन्याचंही त्यातूनच घ्या.'

अप्पा गप्प झाले. त्यांनी पेन्सिलनं एकेक वाक्यावर काट मारली. खाली फार थोडं उरलं. भाच्यानं जाता जाता आणखी एक काडी टाकली: करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे, तेव्हा कडक निरोपात 'भाडे', 'भाडेकरू' असे शब्द नकोत, करारातलेच शब्द वापरावेत. अप्पांना हे फार आवडलं. अंतिम मजकूर असा झाला:

'महोदय, नोव्हेंबरच्या लायसन्स फीपैकी ९,२५० रुपये ५ तारखेपासून बाकी आहेत. ८ आणि १० तारखेच्या निरोपांत आपणास तारीख विचारली होती, उत्तर आले नाही. १५ तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत रक्कम द्यावी अथवा रक्कम कधी देणार ते लिहून कळवावे. अन्यथा करारातील पत्त्यावर लेखी पत्र पाठवावे लागेल.'

कडक म्हणजे काय, तर एवढंच. रक्कम, कधीपासून, आधी काय विचारलं होतं, आता कधीपर्यंत, आणि पुढे आपण खरोखर जे करू शकतो ते. धमकी एकच आणि ती पाळता येण्यासारखी. अप्पांना हे मिळमिळीत वाटलं. 'यात जोर नाही,' ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. लेखी पत्र म्हणजे रजिस्टर एडी, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. टपाल खात्यानं २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं तेव्हा ते घरातलं माणूस गेल्यासारखे बसले होते. 'स्पीड पोस्टानं कोणी घाबरतं का?' असा त्यांचा सवाल आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

निरोप साडेसातला गेला. पावणेआठला खालून धावत पावलं वाजली. धाकटा पोरगा दारात, चेहरा पांढरा.

'अप्पा, माझं लायसन्स आहे. गाडीचं. घरी साताऱ्याला आहे, पण आहे. फी कसली बाकी?'

पंधरा मिनिटं समजूत घालण्यात गेली. मग खरी गोष्ट निघाली. पोरानं ऑक्टोबरच्या बावीस तारखेला नोकरी बदलली होती. नव्या कंपनीत वीस तारखेनंतर रुजू झालेल्या माणसाचा त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याबरोबर येतो. म्हणजे त्याला पैसे मिळणार थेट नोव्हेंबरच्या अखेरीला. जुन्या कंपनीचा हिशेब अजून अडकलेला. तारीख सांगितली नाही कारण लाज वाटली.

'मग तसं कळवायचं नाही का?' अप्पा म्हणाले.

पोरगा काकूंकडे बघायला लागला. काकू पोळीला तेल लावत होत्या. 'मला सांगितलं होतं त्यानं, दिवाळीच्या फराळाचा डबा द्यायला गेले तेव्हाच,' त्या म्हणाल्या. 'म्हटलं तुम्हाला माहीत असेल. रोज लिहिता ना एकमेकांना.'

अप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं त्याला वहीत रकाना नाही. बारा दिवस एका घरातून मालिका जात होती आणि त्याच घरातून चकल्या. पोराला मधल्या काळात अप्पांचा राग वरून येतोय की काकूंचं प्रेम, याचा अंदाज लागत नसावा. तो डबा परत करताना त्यात साखर घालून देत होता म्हणे.

शेवटी अप्पांनी तीस तारीख लिहून घेतली. कागदावर, सहीसकट. पोरगा म्हणाला, 'अंगठा देऊ का?' आणि मोठ्यानं हसला. अप्पाही हसले, पण सही घेतलीच. तीस तारखेला रात्री दहाला पैसे आले, सोबत बारा आकडी व्यवहार क्रमांक आलेला स्क्रीनशॉट. अप्पा नुसत्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवत नाहीत, कारण तो कोणालाही बनवता येतो. ते बारा आकडे स्वतःच्या खात्यातल्या नोंदीशी एकेक करून जुळवतात, तोंडानं मोजत. जुळल्यावर पोच गेली. सुरुवात 'चि.' ने होती.

पण त्या रात्रीच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट वर आली होती आणि ती अप्पांना झोपू देईना. मोठ्या पोराचा पगार सात तारखेला होतो. गेली दोन वर्षं. म्हणजे अप्पा दर महिन्याला अशा माणसाकडे पाच तारखेला पैसे मागत होते, ज्याच्याकडे सातपर्यंत ते नसतातच. सहाच्या सकाळचा तो एसएमए-शून्य, ते निळ्या टिकांवर जागणं, 'मित्रहो'वरून 'नमस्कार'वर येणं, सगळं दोन दिवसांच्या फरकापायी. पाच तारीख आली कुठून? अप्पांना आठवेना. वहीत शोधलं. पहिल्या कराराचा मसुदा एजंटनं आणला होता, त्यात आधीच छापलेली होती.

जानेवारीत करार नव्यानं झाला तेव्हा अप्पांनी तारीख आठ केली. जानेवारी हा तसाही त्यांचा आवडता महिना. कंपन्या घरभाड्याचे पुरावे मागायला लागतात. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. पोरं आपापसांत अर्धं अर्धं वाटून घेतात, तरी प्रत्येकी १,११,००० होतातच, त्यामुळे दोघांनाही अप्पा लागतात. वर्षभर अंगठ्यावर भागवणारी पोरं तेव्हा 'आदरणीय अप्पा' असं लिहितात, पूर्ण वाक्यात. अप्पा पावत्या घेऊन तयारच असतात, महिन्यावार, तारीखवार. अंगठ्याच्या तारखा त्यांनी त्यात घातलेल्या नाहीत, पण घालायच्या मनात होत्या.

आठ तारीख झाल्यापासून सात तारखेला रात्री पैसे येतात. फेब्रुवारीत आले, मार्चमध्ये आले. दोन तारखेचा निरोप जातो, बाकीचे चार वहीतच राहतात. एप्रिलमध्ये तर सहालाच आले. अप्पा उतरल्या चेहऱ्यानं आमच्याकडे आले आणि चहा नको म्हणाले. काकू मागून सांगत होत्या की घरात फार शांतता झालीये, हे आता माझ्या मोबाइलमधल्या गॅलरीला नावं ठेवायला लागलेत.

परवा दार वाजलं. अप्पा. कपाळावर चष्मा, हातात फोन, बगलेत नवी कोरी वही. रकाने आखून तयार. करार अकरा महिन्यांचा आहे, म्हणजे डिसेंबरमध्ये संपतो. नूतनीकरण हवं की घर सोडणार, हे पोरांकडून वेळेत कळायला हवं, आणि पुन्हा नोंदणी करायची तर कागद, साक्षीदार, ठसे, सगळ्यालाच वेळ लागतो. त्यासाठी त्यांनी सात निरोपांची मालिका केली होती. पहिला नव्वद दिवस आधीचा.

'जरा ऐका हं,' ते खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाले. 'हा अगदी सौम्य आहे. चि. बाळांनो, पाऊस यंदा लांबला आहे...'

'अप्पा, करार कुठंय यात?'

'पुढे येतो की,' अप्पा म्हणाले, आणि अंगठ्यानं पडदा वर सरकवत राहिले.